‘फक्त चेहरा तर बदलायचाय’: गिऱ्हाइकाला लिहिलेलं पत्र

तलावपाळीकर

मंडळी, नमस्कार. ठाण्यात नौपाड्यात माझा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांनी रोलच्या जमान्यात सुरू केलेला. दीड महिन्यापूर्वी कोपरीतल्या एका हॉलमध्ये सहस्रचंद्रदर्शनाचं काम केलं. सतरा माणसांचा ग्रुप फोटो हा त्यातला मानाचा फोटो. तेव्हापासून आजोबांच्या थोरल्या चिरंजीवांचा दर दोन दिवसांनी फोन येतोय, आणि प्रत्येक फोनमध्ये हे एक वाक्य ठरलेलं: “फक्त चेहरा तर बदलायचाय, पाच मिनिटांचं काम.” फोनवर सांगून दमलो आणि एका रात्री दुकान बंद केल्यावर सरळ पत्र लिहून काढलं. त्यांचं उत्तर आलं, “ठीक आहे, बघतो.” आमच्या धंद्यात याचा अर्थ ‘दुसरीकडे विचारतो’ असा होतो.

नावं काढून पत्र खाली देतोय. या कामातले काही जण इथे आहेत. माझं कुठे चुकलं असेल तर सांगा. फार तोडून लिहिलंय का, तेही सांगा.

---

आदरणीय काका,

सा. न. वि. वि. तुम्ही ग्रुप फोटोत तीन बदल सांगितलेत. एक झाला आहे, एक जमणार नाही, आणि तिसरा तुम्ही म्हणता तसा होणार नाही, पण वेगळ्या रीतीने करता येईल. कारणं लिहितो, म्हणजे मी टाळाटाळ करतोय असं वाटायला नको.

पहिला आजोबांचा. त्या दिवशी मी ग्रुपच्या नऊ फ्रेम काढल्या. सहाव्या फ्रेममध्ये सगळे छान आलेत, पण आजोबांचे डोळे मिटलेत. चौथ्या फ्रेममध्ये त्यांचे डोळे उघडे आहेत, पण निम्मी मंडळी दुसरीकडे बघतायत. म्हणून चौथीतले आजोबा सहावीत आणले. नुसते डोळे उचलले नाहीत. चौथीत ते हसत होते, आणि हसताना गाल वर चढतात, डोळ्यांखाली घड्या पडतात. हसरे डोळे गंभीर तोंडावर बसवले की माणूस खुळा दिसतो. म्हणून पगडीच्या वरच्या काठापासून उपरण्यापर्यंत अख्खं डोकं घेतलं आणि जोड उपरण्याच्या घडीत लपवला. हे इतकं सहज झालं याचं कारण माझी हुशारी नव्हे. कॅमेरा तिकाटण्यावर होता, दिवे जागचे हलले नव्हते, आजोबा त्याच खुर्चीत होते आणि दोन फ्रेममध्ये काही सेकंदांचंच अंतर होतं. याचे पैसे घेणार नाही.

दुसरा तुमचा नातू. तो आठ फ्रेममध्ये बाजूला बघतोय किंवा तोंडात मूठ घालून बसलाय. दुसऱ्या फ्रेममध्ये तो कॅमेऱ्याकडे बघतो, पण तेव्हा सूनबाईंनी त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं होतं. तो तिथून घ्यायचा तर सूनबाईंचा खांदा, हात आणि पदरही घ्यावा लागेल, आणि तो पदर तिथे आत्याबाईंच्या साडीवर जातो. हे सोडून द्या, असा माझा सल्ला आहे. मूठ तोंडात घातलेलं मूल मला वाईट दिसत नाही.

तिसरा तुमच्या धाकट्या भावाचा. ते टोरांटोला होते, येऊ शकले नाहीत. उजव्या टोकाला मागच्या रांगेजवळ केटररचा एक माणूस चुकून फ्रेममध्ये आलाय. त्याच्या धडावर भावाचा चेहरा लावा असं तुम्ही म्हणता, आणि त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला त्यांचा गाडीतला सेल्फी पाठवलात. “फोटो एकदम क्लिअर आहे,” असंही तुम्ही म्हणालात. ते खरं आहे, क्लिअर आहे. अडचण वेगळीच आहे.

माझ्या ग्रुप फोटोत आडवे 6000 पिक्सेल आहेत आणि ग्रुप जवळजवळ पाच मीटर रुंद उभा होता. म्हणजे एका मीटरला 1200 पिक्सेल, आणि एका माणसाच्या डोक्याला उभे 270 च्या आसपास. 12 बाय 18 इंचाच्या प्रिंटवर ते डोकं दोन सेंटीमीटरचं होतं. सेल्फीत तुमच्या भावाचं डोकं याच्या दुप्पट-अडीचपट पिक्सेलचं आहे. म्हणजे माल कमी नाही, जास्तच आहे. पण तो लहान करून बसवला की शेजारच्या माणसांपेक्षा तीक्ष्ण दिसतो, कागदावर स्टिकर लावल्यासारखा. त्याला मुद्दाम मऊ करावं लागतं आणि त्यात बाकीच्यांइतके बारीक ठिपके, म्हणजे दाणे, घालावे लागतात. तेही जमतं.

जमत नाही ते अंतर. सेल्फी काढताना फोन नाकापासून हातभर, म्हणजे साधारण 50 सेंटीमीटरवर असतो. कान नाकाच्या 12 सेंटीमीटर मागे धरले तर ते फोनपासून 62 सेंटीमीटरवर गेले. त्यामुळे नाकाच्या मानाने कान जवळजवळ पाचव्या हिश्श्याने लहान उमटतात, नाक पुढे येतं आणि चेहरा वाटीसारखा फुगतो. मी ग्रुप पाच मीटरवरून काढलाय. तिथे बारा सेंटीमीटरने काहीच फरक पडत नाही, नाक आणि कान आपापल्या मापात येतात. सेल्फीतला चेहरा लहान केला म्हणून त्याचं अंतर बदलत नाही. तुमच्या भावाला फोटोत बघून सगळे म्हणतील, “आहे तोच, पण जरा सुजल्यासारखा वाटतोय.”

मग उजेड. हॉलमध्ये माझा मुख्य दिवा कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला, डोक्याच्या वर होता. सगळ्यांच्या नाकाची सावली उजवीकडे खाली पडलीय. गाडीच्या काचेतून आलेल्या उन्हाने तुमच्या भावाच्या नाकाची सावली डावीकडे पडलीय, तीही कडक. रंग सारखा करता येतो, उजळ-काळं करता येतं. पण पडलेली सावली पुसून दुसऱ्या बाजूला रंगवायची म्हणजे चेहरा हाताने चितारण्यासारखं आहे, आणि चितारलेला चेहरा त्यांचा राहत नाही.

राहिला धडाचा प्रश्न. केटररच्या माणसाने काळं जाकीट घातलंय आणि हातात ट्रे आहे. त्याची मान तुमच्या भावाच्या मानेपेक्षा बारीक आहे. आणि काका, कोणाला न विचारता त्याच्या अंगावर दुसऱ्याचं डोकं बसवायचं मला रुचत नाही. तो माणूस मी फोटोतून काढून टाकतो, तेवढं करू.

आता होण्यासारखं काय ते सांगतो. भावाला नवा फोटो काढायला सांगा. सेल्फी नको, दुसऱ्या कोणीतरी काढायचा. फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने, 2x वर ठेवून, तीन मीटर लांबून. फोन डोळ्यांच्या उंचीवर धरायचा. मोठी खिडकी त्यांच्या उजव्या हाताला आणि जराशी समोर हवी, ऊन थेट नको. कुर्ता घालायचा आणि कमरेपासून वर सगळं यायला हवं. पंधरा-वीस फोटो काढायचे, त्यातले निम्मे हसताना. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे. तसा फोटो आला तर मी त्यांना अख्खे, त्यांच्याच खांद्यांसकट, मागच्या रांगेत उभे करीन. दोन दिवस लागतील, दीड हजार रुपये होतील. फोटो आला आणि जमण्यासारखा नसला तर काम सुरू करण्याआधीच सांगीन.

तरीही ते त्या हॉलमध्ये होते असं वाटेलच, असा शब्द देत नाही. लांबच्या नातेवाइकांना वाटेल. तुमच्या आईला वाटणार नाही.

आपला,
(स्टुडिओ)

---

बेलापूरचा_बंड्या

पत्र भारी आहे, पण साहेब, कुठल्या जमान्यात आहात? माझ्या फोनमध्ये हे आपोआप होतं. चार फोटो काढले की प्रत्येकाचा चांगला चेहरा निवडायला मिळतो, दोन सेकंदात काम खल्लास. दीड हजार कसले?

मृदुला_घो

पत्र वाचताना शेवटच्या ओळीवर थांबले. माझे बाबा माझ्या लग्नाच्या चार महिने आधी गेले. अल्बमवाल्याने स्वतःहून त्यांना एका ग्रुपमध्ये घातलं, सरप्राइज म्हणून. कार्यालयाच्या मांडवात, माझ्या शेजारी, ऑफिसच्या ओळखपत्राच्या फोटोतला चेहरा. समोर बघणारा, न हसणारा, निळसर. सगळ्या बायका रडल्या आणि म्हणाल्या किती छान केलंय. मला ते पान उघडवत नाही. तुमच्यासारखं कोणी आधी विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं.

असो. विषय तुमच्या गिऱ्हाइकाचा होता.

अण्णा_वाशी

वीस वर्षं अल्बमचं रीटचिंग करतोय, आता डोळे दुखतात म्हणून निवडकच घेतो. पत्र बरोबर आहे. तीन गोष्टी सांगतो.

एक, बंड्या, तू म्हणतोस ते खरं आहे, पण अर्धं. तुझ्या फोनमधलं ते फीचर म्हणजे Best Take, पिक्सेल 8 बरोबर 2023 साली आलं. पण ते काय करतं बघ. एकाच जागी, एकामागोमाग काढलेल्या फोटोंतले त्याच माणसाचे चेहरे अदलाबदल करतं. म्हणजे आजोबांचे डोळे. ते काम तलावपाळीकरांनी फुकटच केलंय. पुढच्या वर्षी पिक्सेल 9 मध्ये Add Me आलं, त्यात फोटो काढणाराही ग्रुपमध्ये येतो. पण कसा? आधी ग्रुप काढायचा, मग फोन दुसऱ्याच्या हातात देऊन आपण तिथे जाऊन उभं राहायचं. माणूस त्याच जागी, त्याच उजेडात लागतो. टोरांटोतल्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

दोन, सेल्फीबद्दल एक गोष्ट पत्रात राहिली. पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो बऱ्याच फोनमध्ये आरशासारखा उलटा सेव्ह होतो. भांग दुसरीकडे, तीळ दुसरीकडे. अनोळखी माणसाला कळत नाही, बायकोला लगेच कळतं, फक्त काय चुकलंय ते तिला सांगता येत नाही. माझी खूण शर्टाच्या खिशाची. खिसा त्या माणसाच्या स्वतःच्या उजव्या बाजूला दिसला की फोटो उलटा समजायचा. टी-शर्टवर अक्षरं असली तर सोपंच. हे तपासल्याशिवाय मी मास्कला हात लावत नाही.

तीन, आजोबांच्या डोक्याबाबत. पगडीसकट घेतलंत ते उत्तम केलंत. नवीन मुलं इथेच फसतात. नुसता चेहऱ्याचा गोल कापून जुन्या पगडीखाली बसवतात, आणि कपाळावरची पगडीची सावली जुन्या फ्रेमची राहते. दोन फ्रेममध्ये मान जराशी जरी वळली असली तरी सावली आणि कपाळ जुळत नाही.

वाचनमात्र

नमस्कार, फेस स्वॅपबद्दलच विचारायचं होतं. माझ्या सात महिन्यांच्या मुलीचा पासपोर्टचा फोटो काढायचाय. एका फोटोत डोळे उघडे पण मान वाकडी, एकात मान सरळ पण डोळे बंद. तलावपाळीकरकाका, तुम्ही दोन्ही जोडून द्याल का? आम्ही मानपाड्याला राहतो.

तलावपाळीकर

@वाचनमात्र, ताई, ते मी करत नाही, आणि तुम्हीही कोणाकडून करून घेऊ नका. पासपोर्टच्या फोटोत चेहऱ्याला हात लावायचा नसतो. जोडलेला फोटो म्हणजे फेरफार केलेला फोटो. घरीच काढायचा तर पलंगावर पांढरी, सुरकुती नसलेली चादर घाला, मुलीला उताणी झोपवा आणि सरळ वरून फोटो काढा. तुमची सावली तिच्यावर पडू देऊ नका. तिचं पोट भरलेलं असताना काढा, भुकेचं मूल डोळे उघडतं पण तोंडही उघडतं. नाहीतर दुकानात या, खुळखुळा ठेवलेला आहे.

@अण्णा, उलट्या सेल्फीचं खरंच राहिलं. आता उघडून बघितलं. सीटबेल्ट उजव्या खांद्यावर दिसतोय आणि फोटोत स्टिअरिंग नाही. कॅनडातली गाडी म्हणजे ड्रायव्हर डावीकडे, बेल्ट त्याच्या डाव्या खांद्यावरून यायला हवा. पण ते शेजारच्या सीटवर बसले असतील तर बेल्ट उजव्या खांद्यावरच येणार. काहीच कळेना. कॉलरचं बटणही दिसत नाही.

अण्णा_वाशी

भावाचा एखादा जुना फोटो मागवा आणि भांग बघा. बेल्टवरून वकिली करू नका 😀

ऐरोली_एक्सप्रेस

पण आता एआयने हे सगळं होतंच ना? माझ्या भाच्याने परवा माझा चेहरा क्रिकेटपटूच्या अंगावर लावून दाखवला. उजेड, सावली, सगळं बरोबर. अंतराचंही काही वाटलं नाही. स्टुडिओवाल्यांना धंदा जाईल म्हणून ते मान्य करायचं नाहीये, असं मला वाटतं. राग मानू नका.

अण्णा_वाशी

राग कसला, मीही वापरतो. पण त्याची रीत वेगळी आहे ती समजून घ्या. आम्ही कापून आणतो, ते नवीन बनवतं. ज्याच्या अंगावर चेहरा लावायचा त्याची मान, त्याचं हसू, त्याच्यावरचा उजेड तसाच ठेवायचा आणि त्यात तुमच्या नाकडोळ्यांसारखं नाकडोळं घडवायचं. म्हणून उजेड बरोबर दिसला. पण केस, कान, जबड्याची ठेवण, मान ही त्या क्रिकेटपटूचीच राहिली. मोबाइलच्या पडद्यावर, चेष्टेत, चालून जातं.

या प्रकरणात तसं केलं तर हातात ट्रे धरलेल्या केटररच्या माणसाला टोरांटोच्या भावाचं नाक येईल. बस्स.

आणि फुकटातल्या बऱ्याच साधनांच्या पोटात जे मॉडेल असतं त्याचं नाव inswapper_128. त्यातला आकडा शोभेचा नाही, चेहरा 128 बाय 128 पिक्सेलमध्ये घडतो. तो धूसर दिसतो म्हणून पुढे GFPGAN सारखं दुसरं साधन त्यावर फिरवतात, आणि ते त्वचा, पापण्या, दात अंदाजाने भरतं. माझ्याकडे एका आजीबाईंचा असा फोटो आला होता. गालावरचा मस गायब, दात अख्खे, सरळ. आजीबाईंना पुढचे दोन दात नव्हते. नातवंडं म्हणाली, ही आमची आजी नाही, आजीची बहीण आहे.

ऐरोली_एक्सप्रेस

दातांचं पटलं. पण पुढच्या वर्षी हेच साधन जास्त पिक्सेलचं येईल, तेव्हा काय म्हणाल?

अण्णा_वाशी

पिक्सेल वाढतील, नक्की. मस कुठे होता ते त्याला कोण सांगणार, हा प्रश्न राहील. चांगले पंधरा फोटो दिले तर कदाचित जमेल. मग पुन्हा भावाला पंधरा फोटो काढायला सांगणं आलंच.

सुलभाताई_नेरुळ

मला तांत्रिक काही कळत नाही. पण जो माणूस कार्याला आला नाही त्याला फोटोत का घालायचं? पंचवीस वर्षांनी नातवंडं म्हणतील, काका आले होते. आमच्याकडे सासूबाईंच्या पंचाहत्तरीला दीर आले नव्हते. फोटोत ते नाहीत, आणि दर वेळी अल्बम बघताना त्याचा विषय निघतो. तो विषय निघणं हाही आठवणीचाच भाग आहे ना?

बेलापूरचा_बंड्या

ताई, तो दुसऱ्याच्या घरचा प्रश्न आहे. पैसे देणाऱ्याला हवं तर हवं.

मृदुला_घो

बंड्या, पैसे देणारा एक असतो आणि बघणारे घरभर असतात. माझ्या अल्बमचे पैसे माझ्या काकांनी दिले होते.

तलावपाळीकर

सुलभाताई, तुमचं म्हणणं माझ्याही डोक्यात आहे. माझं मत विचाराल तर अजून ठरलेलं नाही. वडील असते तर त्यांनी हे काम घेतलं नसतं. पण त्यांनीच साठ-सत्तरच्या दशकात कितीतरी जोडप्यांचे फोटो दोन निगेटिव्हमधून एक केलेत. नवरा गावी, बायको मुंबईत, फ्रेममध्ये दोघं शेजारी. तेव्हा कोणी विचारलं नाही.

मी एक तोडगा काढलाय. भाऊ असलेली आणि नसलेली अशा दोन फाइली द्यायच्या, आणि नसलेली आधी. ती मूळ.

तलावपाळीकर (बारा दिवसांनी)

धागा वर काढतोय, कारण पुढे घडलं ते सांगायला हवं. काका दुसरीकडे विचारून परत आले. दुसऱ्याने एका संध्याकाळी करून दिलं होतं, ते त्यांनीच मला दाखवलं. सेल्फीतलं डोकं, काळं जाकीट, ट्रे तसाच. त्यांच्या मिसेस म्हणाल्या म्हणे, “भाऊजी वाढायला आलेत का?”

मग टोरांटोहून फोटो आले. पहिल्या खेपेला खिडकी त्यांच्या पाठीशी होती, चेहरा काळा आणि कानांच्या कडा लाल. मी फोनवर सांगितलं, खिडकी तुमच्या उजव्या हाताला घ्या, मला नाकाची सावली डाव्या गालाकडे पडलेली हवी. दुसऱ्या खेपेला अठरा फोटो आले, डॉक्युमेंट म्हणून, पूर्ण आकाराचे. त्यातले तीन कामाचे होते.

केटररचा माणूस आधी काढला. त्याच्या मागचा पडदा चुण्यांचा होता आणि पाचव्या फ्रेममध्ये तो माणूस जरा पुढे सरकलेला असल्याने खरा पडदाच मिळाला, बनवावा लागला नाही. मग भावाला त्याच जागी, पण मागच्या रांगेत, आत्याबाईंच्या खांद्याच्या मागे उभं केलं. पुढच्या माणसाने अर्धी छाती झाकली की काम निम्मं होतं, कारण खालची कडा जुळवायचीच नसते. डोक्याचा आकार त्याच रांगेतल्या थोरल्यांच्या डोक्यावरून घेतला. खिडकीचा उजेड माझ्या दिव्यापेक्षा निळा होता, तो Curves मध्ये ऊबदार केला. पडद्यावर बाकी सगळ्यांची फिकट सावली आहे, त्याचीही काढली. ती नसती तर तो पडद्यासमोर तरंगला असता. शेवटी Add Noise ने दाणे.

मला वाटलं, झालं. काका-काकूंना आवडलं. मग त्यांनी आईला दाखवलं. आजी 76 वर्षांच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी अर्धा मिनिट बघितलं आणि म्हणाल्या, “धाकटा थोरल्यापेक्षा बुटका कधी झाला?”

मी डोक्याचं माप जुळवलं होतं, उंची जुळवलीच नव्हती. रांगेची ओळ धरून ठेवून दिला होता. विचारलं किती उंच, तर म्हणाल्या चार बोटं. चार बोटं म्हणजे सात सेंटीमीटर धरले, मीटरला 1200 च्या हिशेबाने 84 पिक्सेल. मागची रांग जरा लांब म्हणून 80 ने थोरल्यांच्या वर नेला. सावलीही सरकवली.

अण्णा_वाशी

उंची! मीही विचारलं नसतं. यापुढे गिऱ्हाइकाला आधी विचारायचं, हा माणूस शेजाऱ्याच्या कुठे लागतो, कानाला की खांद्याला.

हसतोय का तो?

तलावपाळीकर

तिथेच घोडं अडलंय. हसतोय, पण एकट्याने हसतोय. सहाव्या फ्रेमच्या आधी गुरुजींनी काहीतरी विनोद केला होता, सगळे त्यावर खिदळतायत, दोघातिघांच्या माना एकाच बाजूला कलल्यात. हा सरळ उभा, चांगलं, शहाण्यासारखं हसू. मला रोज खटकतं. घरच्यांना अजून खटकलेलं नाही.

सुलभाताई_नेरुळ

आजी आता काय म्हणतात?

तलावपाळीकर

ताई, आजींनी न जोडलेली प्रिंट मागितली, देवघराशेजारी लावायला. जोडलेली काकांनी टोरांटोला पाठवली.

वाचनमात्र

अवांतर: चादरीवर झोपवून काढलेला फोटो झाला. डोळे उघडे, तोंड बंद. पण एका कोपऱ्यात माझी बोटं आलीत. ती तरी काढता येतील का?

तलावपाळीकर

बोटं चेहऱ्यापासून लांब असतील तर कापून मापात बसतंय का बघा, पुसू नका. नसेल बसत तर शनिवारी घेऊन या. सकाळी अकराच्या आत, नंतर उजेड जातो.